पहिल्या ओळीत काय लिहायचं?

मेलची पहिली ओळ मेल उघडायच्या आधीच वाचली जाते. फोनवर मेल येतो तेव्हा आधी नाव दिसतं, त्याखाली विषय, आणि विषयाच्या खाली बारीक फिकट अक्षरात मजकुराची सुरुवात. जीमेलमध्ये तेच, आयफोनच्या मेलमध्ये सेटिंग बदललं नसेल तर दोन ओळी. समोरचा माणूस चहा पिताना, मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये तेवढंच बघतो आणि ठरवतो की हा आत्ता उघडायचा, संध्याकाळी उघडायचा की राहू दे. आणि त्या दोन ओळींत आपण काय देतो तर ‘डिअर सर, आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’. म्हणजे जी जागा नक्की वाचली जाणार तीच आपण रिकामी सोडतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या एक्स्पोर्टच्या टेबलावर बसते, दिवसभर मेल लिहिते आणि वाचते. जर्मनी, अमेरिका, आखाती देश, थोडंफार जपान. त्यामुळे हे वाक्य मला रोज भेटतं, येणाऱ्या मेलमध्येही आणि आमच्याच नवीन पोरापोरींनी ड्राफ्ट करून दाखवलेल्या मेलमध्येही. त्याच्याबद्दल माझी तक्रार ते घासून गुळगुळीत झालंय एवढीच नाहीये. घासलेले शब्द आपण सगळेच वापरतो, ‘नमस्कार’ पण रोजचाच आहे आणि तो मला कधीच खटकत नाही. तक्रार वेगळी आहे आणि ती नीट सांगायची तर थोडं मागं जावं लागेल.

पूर्वीच्या पत्रात खुशाली विचारायची पद्धत होतीच, आणि ती पोकळ अजिबात नव्हती. जुनी मोडी पत्रं वाचलेली माणसं आपल्याकडं कोल्हापुरात बरीच आहेत, त्यांना विचारा. पेशवाईतल्या पत्राची सुरुवात साधारण अशी असायची : ‘विनंती उपरी येथील कुशल तागायत’, मग त्या दिवसाची तिथी, मग कुठल्या मुक्कामी आहे ते, आणि पुढं ‘स्वकीय कुशल लेखन करीत जावे’. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ती तिथी आणि तो मुक्काम. पत्र पोचायला दिवसच्या दिवस लागणार, मधे काहीही होऊ शकतं, म्हणून लिहिणारा सांगतोय की अमुक तिथीपर्यंत, अमुक गावी, मी ठीक आहे, पुढचं मला माहीत नाही, आता तुमचं कळवा. केवढी माहिती आहे बघा त्यात! वाचणाऱ्याला लगेच कळायचं की माणूस कुठं आहे, बातमी किती दिवसांची जुनी आहे आणि आपल्याकडून काय हवंय.

इंग्रजीतही तसंच होतं. एकोणिसाव्या शतकात साधी माणसं, सैनिक वगैरे घरी पत्र लिहायची त्यात ठरलेलं वाक्य असायचं, की या चार ओळी तुम्हाला बऱ्या तब्येतीत सापडोत, जसा त्या पाठवताना मी आहे. रोमन लोकांचं त्याच्याही आधीचं : ‘तू बरा असशील तर छान, मी बरा आहे.’ ते इतकं ठरलेलं होतं की ते नुसती आद्याक्षरं लिहून मोकळे व्हायचे, आपण लग्नपत्रिकेवर ‘स. न. वि. वि.’ छापतो तसं. पहिल्या शतकात सेनेका आपल्या मित्राला पत्रात हेच वाक्य आठवून देतो आणि म्हणतो की आपण खरं तर ‘तू तत्त्वचिंतन करत असशील तर छान’ असं म्हणायला पाहिजे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कुणालातरी वाटलं होतं की या जागी समोरच्या माणसासाठी काहीतरी नेमकं यावं.

तर या तिन्ही ठिकाणी लिहिणारा स्वतःबद्दल काहीतरी सांगायचा. ‘मी बरा आहे’ ही बातमी होती, कारण ती कळायला दुसरा मार्गच नव्हता. मेलमध्ये येता येता तो अर्धा भाग गळून पडला. राहिली फक्त समोरच्याबद्दलची इच्छा, जी कुणालाही पाठवता येते, आणि जिला उत्तरही कुणी देत नाही. तुम्हीच आठवून बघा, ‘होप यू आर वेल’ला ‘हो, बरा आहे, गुडघा जरा दुखतोय’ असं उत्तर तुम्हाला शेवटचं कधी आलं होतं? तेच आमच्या गेटवर ट्रान्सपोर्टवाले मामा ‘काय मॅडम, बरं हाय न्हवं? जेवलासा काय?’ म्हणतात तेव्हा मी थांबून उत्तर देते, कारण दुपारचे दोन वाजलेले असतात आणि त्यांना खरंच विचारायचं असतं.

म्हणून ‘पर्यायी वाक्यं’ म्हणून ज्या याद्या फिरतात ना, त्यांचा मला फारसा उपयोग वाटत नाही. ‘ट्रस्ट यू आर डुइंग वेल’, ‘होप यू हॅड अ ग्रेट वीकेंड’, आणि आपल्याकडचं खास ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’. जागा तीच, रिकामेपणा तोच, फक्त शब्द बदलले. त्यात काही तर अडचणीतही आणतात. आपण दुपारी साडेतीनला ‘गुड आफ्टरनून’ लिहितो, जर्मनीत उन्हाळ्यात तेव्हा बारा वाजलेले असतात, अमेरिकेत पहाट, आणि तो माणूस मेल वाचणार दुसऱ्याच दिवशी सकाळी. ‘हॅपी फ्रायडे’ सौदीला पाठवलं तर तिथं शुक्रवारी सुट्टी असते.

मी जी एक कसोटी लावते ती अशी, की वरचं नाव बदलून हीच ओळ दुसऱ्या कस्टमरला पाठवता येते का. येत असेल तर काढून टाक. मग जे उरतं त्यातून सुरुवात कर. आणि काहीच उरत नसेल तर नावानंतर सरळ कामाची गोष्ट, त्यात काहीही उद्धट नाही.

आता एक उदाहरण सविस्तर घेते. आमच्या धंद्यातलं आहे, आकडे आणि वस्तू बदलल्यात, पण असा मेल महिन्या-दोन महिन्यांत कुणाला ना कुणाला लिहावाच लागतो. समजा जर्मनीतल्या एका पंप कंपनीची ऑर्डर आहे, एसजी आयर्नची 240 हाऊसिंग, म्हणजे पंपाची ओतीव लोखंडी कवचं. शुक्रवारी 7 तारखेला माल निघायचाय. आदल्या आठवड्यात लॅबमधून निरोप येतो की एका हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मेटलचा, प्रॉब्लेम आहे. मायक्रोस्कोपखाली ग्राफाइटच्या गोळ्या नीट गोल दिसत नाहीत, नोड्युलॅरिटी, म्हणजे गोल गोळ्यांचं प्रमाण, 80 टक्क्यांच्या खाली भरतीय आणि ड्रॉइंगवर किमान 85 मागितलीय. कारण नेहमीचंच, गोळ्या गोल व्हाव्यात म्हणून मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाल्यावर मेटल लॅडलमध्ये जास्त वेळ थांबलं, लाइनवर काहीतरी अडकलं होतं, तेवढ्यात मॅग्नेशियम उडून गेलं आणि शेवटचे मोल्ड कमकुवत मेटलनं भरले. त्या हीटचे 62 नग थांबवावे लागणार, परत ओतावे लागणार. उरले 178.

सोमवारी 3 तारखेला कस्टमरला मेल जायचाय. ड्राफ्ट कसा येतो माझ्या टेबलावर? तर असा : डिअर मिस्टर अमुक, आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल. विथ रेफरन्स टू द ट्रेलिंग मेल अँड अवर टेलिफोनिक डिस्कशन, वुई वुड लाइक टू इन्फॉर्म यू की आमची कंपनी क्वालिटीला किती महत्त्व देते. मग एक परिच्छेद नोड्युलॅरिटीचा, मॅग्नेशियमचा, पोअरिंग टाइमचा. मग खाली, पार खाली, ‘सम क्वांटिटी मे गेट डिलेड, काइंडली को-ऑपरेट’.

हे लिहिणारा पोरगा आळशी नसतो बरं का. त्याला वाईट बातमी द्यायची भीती वाटतेय, आणि भीती वाटली की माणूस आधी नमस्कार-चमत्कार लांबवतो, सगळ्या भाषांमध्ये हेच होतं. पण वाचणाऱ्याच्या बाजूनं बघा. स्टुटगार्टच्या बाजूला कुठंतरी तो परचेसचा माणूस फोन बघतो, त्याला दिसतं विषय : ‘ऑर्डर स्टेटस’, आणि खाली ‘आय होप धिस ईमेल’. त्याला वाटतं सगळं ठीक असणार, नेहमीचं अपडेट, दुपारी बघू. दुपारी राहून जातं. बुधवारी तो उघडतो तेव्हा त्याच्याकडं निर्णय घ्यायला एकच दिवस उरलेला असतो, आणि निर्णय तर त्यालाच घ्यायचाय, 178 आत्ता घ्यायचे की सगळे एकत्र थांबवायचे. त्याची असेंब्ली लाइन किती नगांवर चालू राहते हे फक्त त्याला माहीत आहे. मग तो चिडतो, आणि आपण म्हणतो की आम्ही सोमवारीच कळवलं होतं. कळवलं होतं हे खरंच असतं, पण पोचलं नव्हतं.

आता तोच मेल मी कसा करून घेते ते सांगते. विषयात ऑर्डर नंबर आणि लगेच ‘178 नग शुक्रवारी, 62 नग 17 तारखेला’. नावानंतरची पहिली ओळ : ‘तुमच्या 240 पैकी 178 हाऊसिंग ठरल्याप्रमाणे शुक्रवारी 7 तारखेला निघतायत, 62 आम्ही स्वतः थांबवलेत आणि ते 17 तारखेला आमच्या खर्चानं विमानानं पाठवू.’ दुसरी ओळ : ‘178 आत्ता पाठवू की सगळे एकदम, एवढं बुधवार संध्याकाळपर्यंत कळवा.’ तिसऱ्या ओळीपासून कारण, हीट नंबर, लॅबचा फोटो, पुन्हा होऊ नये म्हणून पोअरिंगला लावलेली वेळेची मर्यादा. आणि सॉरी कुठं? सॉरी कारणाच्या आधी, एकदाच, साध्या शब्दात. खुशाली कुठंच नाही, आणि कुणाला तिची आठवणही होत नाही.

यात पहिल्या ओळीनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. फोनच्या त्या दोन फिकट ओळींमध्ये बातमी बसली, मेल न उघडता. ‘आम्ही स्वतः थांबवलेत’ या तीन शब्दांत हेही आलं की खराब माल पाठवून नंतर सापडायची वाट बघितली नाही, आणि माझ्या मते समोरच्याचा आदर ‘होप यू आर वेल’पेक्षा इथं जास्त दिसतो. जर्मन लोकांच्या बाबतीत तर हे अगदी चालून जातं, त्यांच्या व्यावसायिक पत्रात ‘आदरणीय श्री. अमुक’ आणि स्वल्पविराम, की पुढच्या ओळीत थेट मुद्दा, ही नेहमीचीच रीत आहे.

एक तपासणी मी सगळ्यांना करायला सांगते. महत्त्वाचा मेल असेल तर आधी स्वतःला पाठवा, फोन उलटा ठेवा, आणि तो आल्यावर न उघडता नुसता लॉक स्क्रीनवर बघा. तेवढ्यावरून काय झालंय आणि माझ्याकडून काय हवंय हे कळलं तर पाठवा. नाही कळलं तर पहिली ओळ चुकलीय, मग बाकीचा मेल कितीही चांगला असो.

सगळेच मेल असे बातमीचे नसतात, हे मला मान्य आहे. चालू असलेल्या संभाषणात, एका दिवसात चार वेळा मेल ये-जा करतात तिथं तर सुरुवातच नको, फोनवर दर वाक्याला आपण ‘हॅलो’ म्हणत नाही. सरळ उत्तर द्यावं. खरी अडचण येते ती दोन ठिकाणी : अनोळखी माणूस, आणि ओळखीचा पण मधे बराच काळ गेलेला.

अनोळखी माणसाला पहिल्यांदा मेल करताना खुशालीची इच्छा जास्तच विचित्र वाटते, कारण तो मनात म्हणतो की तू कोण? त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : तुम्ही कोण, त्याच्यापर्यंत कसे पोचलात, आणि त्याच्याचकडं का आलात. यातली मधली गोष्ट पहिल्या ओळीत टाकावी असं माझं ठाम मत आहे. ‘तुमच्या पुण्याच्या ऑफिसमधल्या कुलकर्णी सरांनी तुमचा पत्ता दिला’ किंवा ‘मागच्या महिन्यात प्रदर्शनात तुमच्या स्टॉलवर व्हॉल्व्ह बॉडीचा सॅम्पल बघितला, 40 किलोचा’. हे वाक्य फक्त त्या एका माणसालाच जाऊ शकतं. आणि ते खरं असावं लागतं, हे सांगायला नको. आमच्याकडं पुरवठादारांचे मेल येतात, ‘तुमच्या कंपनीच्या प्रगतीनं आम्ही प्रभावित झालो’, आणि खाली कंपनीचं नावच वेगळं, कॉपी-पेस्ट करताना राहून गेलेलं. तो मेल तिथंच संपतो.

जुन्या ओळखीच्या माणसाला लिहिताना मला सगळ्यात चांगली सुरुवात वाटते ती म्हणजे मागच्या वेळी जिथं बोलणं थांबलं होतं तिथून. अमेरिकेतल्या एका क्वालिटीवाल्या बाईंनी ऑडिटला आल्यावर तांबडा रस्सा घाम पुसत पुसत पूर्ण संपवला होता आणि जाताना रेसिपी मागितली होती. पुढच्या वर्षी मला त्यांच्याकडून एक जुना रिपोर्ट हवा होता. पहिली ओळ लिहिली : ‘तुम्ही मागितलेली तांबड्या रश्शाची रेसिपी शेवटी माझ्या सासूबाईंकडून ग्रॅममध्ये मोजून घेतली, खाली जोडलीय.’ दुसऱ्या ओळीत कामाचं. ही सुरुवात ‘कशा आहात’ असं कुठंच म्हणत नाही, तरी विचारते.

पण इथं एक मर्यादा पाळायला लागते. जे त्या माणसानं स्वतः तुम्हाला सांगितलंय किंवा कामाच्या निमित्तानं समोर आलंय तेवढंच वापरायचं. त्याचं प्रोफाइल उघडून, त्याच्या मुलाच्या शाळेचा फोटो बघून ‘तुमच्या चिरंजीवांचं अभिनंदन’ लिहिलं तर माणूस घाबरतो, आणि बरोबरच आहे. आठवणीत ठेवणं वेगळं आणि शोधून काढणं वेगळं, वाचणाऱ्याला हा फरक पहिल्या वाक्यातच कळतो. मी तर कस्टमरबरोबर बोलणं झालं की कॉन्टॅक्टच्या नोट्समध्ये एक ओळ टाकून ठेवते, काय म्हणाले त्याची. सहा महिन्यांनी तीच ओळ कामाला येते.

आता ज्या वेळी समोरचा खरंच बरा नाही, त्याचं सांगते, कारण या विषयावर लिहायचं मनात आलं ते यामुळंच. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांच्या वर गेली होती. कोल्हापूरकरांना हे आकडे तोंडपाठ असतात, 39 ला इशारा, 43 ला धोका. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुणे-बेंगळुरू वाहतूक कितीतरी दिवस बंद, अर्धा स्टाफ पलीकडं अडकलेला, कुणाच्या घरात कमरेएवढं पाणी. नेट येईल तेव्हा मेल उघडायचे आणि एकामागून एक तेच, ‘होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल, प्लीज कन्फर्म डिस्पॅच डेट’. त्या माणसांना पुराचं माहीत नव्हतं, दोष देण्यासारखं त्यात काही नाही. पण ते वाक्य त्या आठवड्यात वाचवत नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात एका कस्टमरचा मेल आला होता, त्याचा आशय मी इथं मराठीत देते : ‘बातम्यांमध्ये कोल्हापूरचा हायवे पाण्याखाली दिसला. तुमची माणसं सुरक्षित जागी आहेत का? आमच्या ऑर्डरला दोन आठवडे उशीर चालेल, मी इथं सांगून ठेवलंय. सावकाश उत्तर द्या.’ चार वाक्यं. पहिल्यात त्याला काय माहीत आहे ते, दुसऱ्यात खराखुरा प्रश्न ज्याचं उत्तर देता येतं, तिसऱ्यात आमच्या डोक्यावरचं ओझं उतरवणारी ठोस गोष्ट आणि चौथ्यात उत्तराची घाई काढून घेतली. तो मेल आमच्या प्लांट हेडनी प्रिंट काढून सगळ्यांना वाचायला दिला. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, पुन्हा हायवे बंद झाला, तेव्हा आम्ही आमच्या बाजूनं तसंच केलं, कुणी विचारायच्या आधीच सगळ्या कस्टमरना लिहिलं. पहिली ओळ : ‘आज 24 जुलै, हायवे बंद आहे, प्लांटमध्ये पाणी नाही, माणसं सुरक्षित आहेत, रस्ता सुरू झाला की दुसऱ्याच दिवशी नवीन तारीख कळवतो.’ मला नंतर जाणवलं की हे तर थेट जुन्या मोडी पत्रासारखं झालं, तारीख, मुक्काम आणि तोपर्यंतची खुशाली.

कुणाकडं दुःखद घटना घडली असेल तर त्याच चार वाक्यांचा साचा चालतो. ‘तुमच्या आईंबद्दल कळलं’ एवढी पहिली ओळ पुरते, मोठे शब्द नकोत. ऑर्डरचं काम असेल तर त्याच मेलमध्ये मुळीच घालू नये, त्यांच्या सहकाऱ्याला वेगळा मेल करावा आणि तसा केलाय एवढंच यांना सांगावं, म्हणजे त्यांच्या मनावर ते राहत नाही.

आता जिथं ठरलेलं वाक्य काढू नये, तेही सांगते. जपानी कस्टमरच्या मेलची सुरुवात जवळजवळ नेहमी एकाच वाक्यानं होते, ‘ओसेवा नी नात्ते ओरिमासु’, साधारण भाव असा की तुमचा नेहमी लोभ असतो, आभारी आहे. तिथं ते वाक्य म्हणजे दारात चप्पल काढण्यासारखं आहे, कुणी त्याच्याकडं लक्ष देत नाही पण न केलेलं मात्र लगेच दिसतं. तिथं माझी नाव बदलायची कसोटी लागू होत नाही. त्यांना इंग्रजीत लिहितानाही मी आधी आभाराची एक ओळ लिहिते, आणि ती कशाबद्दल आहे ते नेमकं घालते, मागच्या आठवड्यात ड्रॉइंग लवकर पाठवल्याबद्दल वगैरे, आणि बातमी मग विषयाच्या ओळीत हलवते.

आपल्या वडीलधाऱ्यांचंही तसंच. माझे निवृत्त झालेले एक सर आहेत, त्यांना मेल करायचा तर ‘आदरणीय सरांना साष्टांग नमस्कार’ असंच सुरू करते, कारण त्यांच्या पिढीला त्यातून आपण बसून, सावकाश लिहिलंय हे कळतं. आणि सरकारी कामाला तर आपली मराठी पद्धतच उत्तम आहे. वर ‘विषय’, त्याखाली ‘संदर्भ’, म्हणजे आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, मग ‘महोदय’ आणि लगेच मुद्दा. त्यात खुशाली कधीच नव्हती आणि त्यावरून कुणाला राग आल्याचं मी ऐकलं नाही. ग्रामपंचायतीला, महावितरणला, कुणालाही मेल करताना हाच साचा वापरा, फक्त ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढं काढून टाका, कारण विषय वर लिहिलेला आहेच.

पैशाच्या आठवणीचा मेल मात्र लोकांना सगळ्यात जड जातो, आणि ‘होप यू आर डुइंग वेल’ सगळ्यात जास्त तिथंच येतं. मला वाटतं तिथं ते सगळ्यात जास्त टोचतं पण, कारण वाचणाऱ्याला पुढं काय येणार ते माहीत असतं. बिल नंबर, तारीख, रक्कम, आणि ‘मुदत 15 तारखेला संपली’ एवढं पहिल्या ओळीत. दुसऱ्या ओळीत ‘काही अडचण असेल तर आज फोन करा, मी 5 पर्यंत टेबलावर आहे’. ‘आज’ आणि ‘5 पर्यंत’ यामुळं तो माणूस फोन उचलतो.

नवीन मुलांना मी हे सगळं समजावत बसत नाही, एक सोपी पद्धत सांगते. आधी मेल पूर्ण लिही, जसा सुचेल तसा, ‘होप यू आर वेल’सकट. मग समज की तू त्या कस्टमरला फोन लावलास आणि तो पलीकडून आपल्या कोल्हापुरी माणसासारखं नुसतं ‘हां, बोला’ म्हणाला. आता तू तोंडातून पहिलं वाक्य कुठलं काढशील? मागच्या आठवड्यात आमच्या डिस्पॅचच्या पोरीला असंच विचारलं तर ती पटकन म्हणाली, ‘सर, पॅकिंगचं लाकूड अजून फ्युमिगेशनहून आलं नाही, त्यामुळं गाडी उद्या निघेल.’ मी म्हटलं, हेच. हे वाक्य तिच्या ड्राफ्टमध्ये होतं, सहाव्या ओळीत. तिनं ते कट केलं, नावाच्या खाली पेस्ट केलं, वरच्या पाच ओळी वाचून बघितल्या आणि त्यातल्या चार डिलीट केल्या. पाचवी ओळ गाडी नंबरची होती, ती ठेवली.